सोळा खुणांचं नायक्रोमचं कडं : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज बारावीचा पहिला तास झाला. एकसारख्या जाडीच्या तारेचं कडं, त्यावर दोन बिंदू, ते केंद्राशी अमुक कोन करतात, तर दोन बिंदूंमधला रोध किती? प्रवेश परीक्षेत हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच. फळ्यावर सूत्र लिहिलं :

```
R_eff = R × θ × (360 − θ) / 360²
```

इथे R म्हणजे तार सरळ असतानाचा पूर्ण रोध आणि θ अंशांत. दोन कंस म्हणजे दोन समांतर रोध, एवढंच त्याच्या मागे आहे. मुलांनी वहीत उतरवून घेतलं. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, जवळचा रस्ता असताना करंट लांबून कशाला जाईल? लांबचा कंस धरायचाच कशाला?"

मी समांतर जोडणीचं उत्तर दिलं. तिने मान हलवली, पण तिला पटलं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. फळ्यावर पटत नसेल तर कडं करून दाखवावं असं ठरवलं. प्रयोगशाळेत असं तयार उपकरण नाही. आणखी कुणाला करायचं असेल तर माझा वेळ कुठे वाया गेला ते कळावं म्हणून या नोंदी ठेवतो आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

अंबाजोगाईहून एसटीने लातूरला जाऊन आलो. गंजगोलाईच्या मागच्या बाजूला इस्त्र्या आणि हीटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात नायक्रोमची तार मिळाली. २६ गेज, रिळावरची, पाच मीटर, १५० रुपये. दुकानदार आधी हीटरची गुंडाळी देत होता. ती घेऊ नका. ताणून सरळ केली तरी तिच्यात बारीक वळ्या राहतात, आणि मग एक सेंटिमीटर कड्यावर नक्की किती तार बसली ते सांगता येत नाही.

तांब्याची तार का नाही, असं विचारणारे भेटतील. २६ गेजच्या तांब्याचं ४० सेंटिमीटर व्यासाचं कडं केलं तर सगळ्या कड्याचा रोध ०.१३ ओहमच्या आसपास भरतो, आणि मोजायचा असतो तो त्याहून कमी. त्याच मापाच्या नायक्रोमच्या कड्याचा रोध ८ ओहमच्या वर जातो. शिवाय तापमानाने नायक्रोमचा रोध फारसा बदलत नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून गोलाईला एक चक्कर मारली. मधे अंबाबाईचं मंदिर, भोवती गोल इमारत, आणि तिला येऊन मिळणारे १६ रस्ते. कड्यावर किती खुणा करायच्या हे तिथेच ठरलं. एका रस्त्याच्या तोंडापासून चौथ्या रस्त्याच्या तोंडाशी जायचं तर एका बाजूने ४ टप्पे, दुसऱ्या बाजूने १२. मंदिरात उभं राहून त्या दोन रस्त्यांकडे हात केले तर हातांमधला कोन ९० अंश. लातूरला क्लासला जाऊन आलेल्या आमच्या मुलांना हे नकाशा न काढता समजेल.

१६ खुणा केल्या की हिशोबही सोपा होतो. एका टप्प्याचा रोध R/16. मधे m टप्पे असतील तर दुसऱ्या बाजूला 16 − m. म्हणून

```
R_eff = R × m × (16 − m) / 256
```

m ला १ ते ८ किमती दिल्या की m × (16 − m) चे आकडे येतात १५, २८, ३९, ४८, ५५, ६०, ६३, ६४. लगतच्या दोन आकड्यांमधला फरक बघा : १३, ११, ९, ७, ५, ३, १. हे एसटीत बसून तिकिटाच्या मागे मांडलं आणि फार आनंद झाला. कडं खरोखर एकसारखं असेल तर मिलिव्होल्टमध्येही हीच उतरंड दिसायला हवी.

११ नोव्हेंबर

जुन्या सूचनाफलकाचा प्लाय घेतला. वर्तुळ आधी खिळा आणि सुतळीने काढलं. सुतळी ताणली जाते, त्यामुळे शेवट सुरुवातीला मिळालाच नाही, तीन मिलिमीटर बाहेर पडला. मग लाकडी पट्टीला २० सेंटिमीटर अंतरावर दोन भोकं पाडून एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. कोनमापक वापरला नाही. व्यास काढला, त्याला लंब, मग कोन दुभागत गेलो. १६ हा आकडा नुसत्या दुभागण्याने मिळतो, त्यामुळे खुणा चांगल्या अचूक बसतात. शेजारच्या दोन खुणांमध्ये परिघावर ७८.५ मिलिमीटर.

प्रत्येक खुणेवर पितळेचा स्क्रू बसवला आणि त्याच्या डोक्यावरच्या खाचेत तार अडकवली. १६ स्क्रू, ८० रुपये. खालून प्रत्येक स्क्रूला वायर डागली. दिसायला फार सुरेख झालं. आमचे प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, "सर, हे प्रदर्शनातच ठेवा." कड्याची दोन टोकं एकमेकांना पीळ देऊन जोडली. या परिच्छेदातल्या दोन गोष्टींनी, म्हणजे स्क्रू आणि पीळ, पुढचे बारा दिवस खाल्ले.

१२ नोव्हेंबर

मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर लावून सरळ रोध मोजला. शेजारच्या खुणांमध्ये ०.९, समोरासमोरच्या खुणांमध्ये २.४. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या तरी ०.४ दाखवतो. म्हणजे तेवढा रोध त्याच्या स्वतःच्या वायरींचा आणि टोकांचा. तो वजा केला तरी भागत नाही, कारण टोक जोरात दाबलं की ०.३ होतो, हलकं धरलं की ०.५.

याहून मोठी अडचण म्हणजे मीटर ०.१ ओहमच्या पायरीने चालतो. सूत्राप्रमाणे ६, ७ आणि ८ टप्प्यांचे रोध १.९५, २.०५ आणि २.०८ च्या जवळपास पडतात. तिघांतला फरक मीटरच्या एका पायरीत जवळजवळ मावतो. जी उतरंड दाखवायची तीच दिसत नाही. असं मोजून तक्ता भरता येतो, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

१४ नोव्हेंबर

पद्धत बदलली. कड्यातून ठरलेला करंट सोडायचा आणि दोन बिंदूंमधलं व्होल्टेज वेगळ्या दोन टोकांनी मोजायचं. व्होल्टमीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून त्याच्या वायरींचा रोध आड येत नाही. आणि करंट ठरलेला राहिला तर करंटच्या वायरींचा रोधही आड येत नाही.

करंट कायम ठेवायला LM317 ही आयसी घेतली. तिच्या OUT आणि ADJ या पायांमध्ये १५ ओहमचा रोधक, आणि ADJ पासून करंट कड्याकडे. ती त्या रोधकावर १.२५ व्होल्ट धरून ठेवते, म्हणून करंट सुमारे ८३ मिलिअँपियर. दोन्ही मिळून ३० रुपये. ९ व्होल्टचा अडॅप्टर घरचा. आधी १२ ओहम लावणार होतो, पण मग समोरासमोरच्या खुणांवर २०० मिलिव्होल्टच्या वर आकडा जातो आणि मीटरची सगळ्यात बारीक रेंज सोडावी लागते. १५ ओहमवर सगळी मोजणी त्याच रेंजमध्ये, ०.१ मिलिव्होल्टच्या पायरीने होते. मालिकेत मीटर लावून पाहिलं : ८३.१ मिलिअँपियर, आणि कड्यावर बिंदू कुठेही घेतले तरी हलत नाही.

दुपारी लाईट गेली, म्हणून आज एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

समोरासमोरच्या खुणांवर १६३ मिलिव्होल्ट येतात. कडं करण्याआधी सरळ तार मल्टिमीटरने मोजली होती, वायरींचा रोध वजा करून ८.३ ओहम. त्याचा चौथा भाग घेतला तर आकडा १७२ च्या पुढे हवा. साडेपाच टक्के कमी. आधी करंटवर संशय घेतला, मग मीटरवर. दोन तास त्यातच गेले.

शेवटी मीटरची टोकं तारेवर तशीच धरून मामांना म्हटलं, तार एका स्क्रूच्या खाचेत बोटाने दाबा. आकडा पाऊण मिलिव्होल्टने खाली आला. दुसऱ्या स्क्रूवर दाबलं, पुन्हा तेवढाच खाली. आणि हे स्क्रू तर मोजणीत नव्हतेच, नुसती तार धरून बसले होते.

तेव्हा लक्षात आलं. स्क्रूचं डोकं ६ मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या खाचेत तार तेवढीच लांब पितळेला टेकून बसलेली. त्या ६ मिलिमीटरमध्ये करंट नायक्रोम सोडून पितळेतून जातो. १६ स्क्रू म्हणजे ९६ मिलिमीटर, कड्याचा जवळपास तेरावा भाग गायब. सगळे नीट टेकलेले नसतात म्हणून घट तेवढी पूर्ण दिसत नाही, आणि म्हणूनच आकडा रोज वेगळा येतो. तार धरून ठेवायला धातूचं काहीही वापरू नका. वापरात नसलेला आधारही कड्याचाच भाग होऊन बसतो.

१९ नोव्हेंबर

सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायची ४० सेंटिमीटर व्यासाची चकती कापून आणली, १२० रुपये. आता तार चकतीच्या कडेवर बाहेरून ताणून बसवली. आधार फक्त लाकडाचा. कडेवर १६ खुणा आणि प्रत्येक खुणेवर लोखंड कापायच्या करवतीने छोटी खाच. त्या खाचेत तारेखालून तांब्याची बारीक तार ओवायची आणि एक पीळ देऊन फास आवळायचा. करंट त्या फासातून आत-बाहेर जातो. फास दोनच, तेच हलवत राहायचं. एक जागा बदलायला दोन मिनिटं लागतात, पण फास अर्ध्या मिलिमीटरहून जास्त तार झाकत नाही. क्रोकोडाइल क्लिपचा जबडा चार-पाच मिलिमीटर झाकतो, म्हणजे या कड्यावर अंशापेक्षा जास्त कोन त्यातच बुडतो.

टोकं पुन्हा पीळ देऊनच जोडली, १६ आणि १ या खुणांच्या मधोमध. स्क्रूंचा धडा शिकलो होतो, पिळाचा अजून नाही.

२० नोव्हेंबर

समोरासमोरच्या खुणांवर १७८.९ मिलिव्होल्ट. आता अपेक्षेपेक्षा जास्त. कडं सगळीकडे सारखं आहे का ते तपासायला व्यास फिरवला : १ आणि ९, मग २ आणि १०, असं ८ आणि १६ पर्यंत. आठही वेळा १७८.९, इकडे-तिकडे ०.१.

मला फार समाधान वाटलं. आठ जागी एकच आकडा, म्हणजे कडं एकसारखं. आकडा वाढला कारण तार २६ गेजपेक्षा जराशी बारीक असेल, असं मनाशी ठरवलं, R = 8.61 ओहम असं वहीत लिहिलं आणि घरी गेलो. हा निष्कर्ष पूर्ण चुकीचा होता. कुणी हीच तपासणी करणार असेल तर पुढची नोंद आधी वाचा.

२१ नोव्हेंबर

आज ९० अंश, म्हणजे ४ टप्पे, कड्याभोवती फिरवले. १ आणि ५, २ आणि ६, असं करत १६ जागा. १२ जागी १३१.१ च्या आसपास. उरलेल्या ४ जागी १४३ च्या वर. त्या चारही जागांमध्ये एकच गोष्ट समान होती : चार टप्प्यांच्या कंसात तारेचा जोड येत होता.

म्हणजे पिळाला स्वतःचा रोध आहे. नायक्रोमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे नुसता पीळ नीट संपर्क देत नाही. साधं सोल्डरही त्याच थरामुळे त्यावर धरत नाही. ते मी २० मिनिटं करून पाहिलं, गोळी होऊन गळून पडतं.

व्यास फिरवताना हे दिसलं का नाही, यावर संध्याकाळभर विचार केला. व्यासाचे दोन्ही कंस सारखे. जोड या अर्ध्या भागात असो की त्या, हिशोब तोच. कुठूनही मोजा, एका अर्ध्यात जोड आहेच. म्हणून आठही वेळा एकच आकडा, आणि तो आठही वेळा सारखाच चुकलेला. व्यास फिरवून कडं एकसारखं आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी दोन कंस असमान हवेत.

आकड्यांवरून जोडाचा रोध काढला : ०.३० ओहम. ताळा असा. पुढे कडं नीट झाल्यावर R 8.32 निघाला, तोच इथे धरतो, म्हणजे चार टप्प्यांचा कंस २.०८ आणि बारा टप्प्यांचा ६.२४. जोड आखूड कंसात आला तर २.३८ आणि ६.२४ समांतर, म्हणजे १.७२३ ओहम, १४३.२ मिलिव्होल्ट. जोड लांबच्या कंसात गेला तर २.०८ आणि ६.५४ समांतर, म्हणजे १.५७८ ओहम, १३१.१ मिलिव्होल्ट. जोड नसताच तर १.५६ ओहम, १२९.६ मिलिव्होल्ट.

दोष तोच, ०.३० ओहमचा. तो आखूड रस्त्यावर असला की आकडा १३.६ ने चुकतो, लांबच्या रस्त्यावर असला की १.५ ने. बरोबर नऊपट. आखूड कंसातून करंटचे तीन भाग जातात, लांबच्यातून एक. करंट तिप्पट असेल तर त्याच रोधात खर्च होणारी शक्ती नऊपट, आणि एकूण रोधावर परिणामही नऊपट. २२.५ अंशांवर, म्हणजे एका टप्प्यावर, हीच तफावत १५ चा वर्ग, २२५ पट होते. लांबचा रस्ता आपल्या पोटात दोष लपवतो. मी नेमकी जोडापासून लांबची एकच जागा मोजली असती तर एक टक्क्याची चूक म्हणून सोडून दिली असती.

२३ नोव्हेंबर, रविवार

जोड सुधारला. आधी प्लास्टिकच्या कनेक्टर पट्टीतली एक पितळी नळी काढून दोन टोकं दोन बाजूंनी तिच्यात घातली. संपर्क उत्तम झाला, पण नळी १५ मिलिमीटर लांब, म्हणजे तेवढं नायक्रोम पुन्हा पितळेखाली गेलं. स्क्रूचीच चूक दुसऱ्या रूपात. आता जोड असलेल्या चार जागी आकडा उलट खाली येऊ लागला.

मग असं केलं. चकतीच्या कडेला आतपर्यंत एक चीर दिली. दोन्ही टोकं त्या एकाच चिरेतून आत वळवली, पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासली आणि चिरेच्या अगदी तोंडाशी दोन्ही मिळून नळीत घालून स्क्रू घट्ट आवळला. नळी आता कड्यावर नाही, कड्याच्या आत आहे. परिघावरची सगळी तार नायक्रोमचीच राहते आणि जोड फक्त एका बिंदूवर येतो. कनेक्टर पट्टी १५ रुपये.

९० अंश पुन्हा फिरवले. १२ जागी १२९.६ किंवा १२९.७, जोडाच्या ४ जागी १३०.१ ते १३०.२. म्हणजे जोडात अजून साधारण एक शतांश ओहम आहे. तेवढा राहू दिला. व्यासावर १७२.८ मिलिव्होल्ट, म्हणून R = 8.32 ओहम. सरळ तारेच्या ८.३ शी आता जुळतं.

२५ नोव्हेंबर

एकाच टप्प्यावर, २२.५ अंशांवर, आकडा ३८.४ येत होता. सूत्राप्रमाणे ४०.५ हवा. बाकी सगळं जुळत असताना इथेच पाच टक्के कमी.

दोष माझ्या हातात होता. करंटचे फास खुणांवर होते आणि व्होल्टेजच्या सुया मी फासांच्या आतल्या बाजूला, दोन-दोन मिलिमीटर अंतरावर टेकवत होतो. सरळ तारेवर मोजताना सुई करंटच्या टोकाच्या बाहेर सरकली तर बिघडत नाही, कारण तिथून करंट जातच नाही. कड्यावर 'बाहेर' असं काही नसतं. फासाच्या दोन्ही बाजूंना करंट आहे, सुई कुठेही सरकली तरी व्होल्टेज घटणार. पण घट सारखी नाही. आखूड कंसात १६ पैकी १५ भाग करंट आहे, लांबच्या कंसात फक्त एक. त्याच चार मिलिमीटरला आखूड बाजूस २ मिलिव्होल्टची घट, लांबच्या बाजूस ०.१४ ची. सुया फासाला जवळजवळ चिकटून, पण लांबच्या कंसाच्या बाजूने टेकवल्या. ४०.४ आले.

२६ नोव्हेंबर

अंतिम मोजणी. जोड लांबच्या कंसात राहील अशाच जागा निवडल्या. फक्त व्यासाला निवड नसते. टप्पे एक ते आठ, मिलिव्होल्टमध्ये : ४०.४, ७५.५, १०५.२, १२९.६, १४८.३, १६२.१, १७०.०, १७२.८.

प्रत्येकाला २.७ ने भागलं तर १५.०, २८.०, ३९.०, ४८.०, ५४.९, ६०.०, ६३.०, ६४.०. एसटीच्या तिकिटामागचे आकडे. तिकीट वहीत चिकटवलं आहे.

एक मर्यादा लिहून ठेवतो. कोणी या कड्यावर उलटा प्रयोग, म्हणजे रोध मोजून कोन काढायचा, करणार असेल तर १८० अंशांच्या जवळ जाऊ नये. १७० अंशांपासून १८० पर्यंत रोध फक्त ०.३ टक्के बदलतो, तेवढी चूक तर सुईच्या टेकण्यातच होते. उलट R काढायचा असेल तर व्यासासारखी जागा नाही, कारण खूण एखादा अंश चुकली तरी आकडा हलत नाही.

खर्च एकूण ३९५ रुपये, त्यात ८० रुपयांचे स्क्रू वाया. एसटीचं भाडं वेगळं. नव्याने करणाऱ्याला सुताराची चकती हातात आल्यावर दोन संध्याकाळी पुरतील.

२८ नोव्हेंबर

कडं वर्गात नेलं. फास १ आणि १३ वर लावले, म्हणजे आखूड बाजूला ४ टप्पे आणि लांबच्या बाजूला १२. गडबड नको म्हणून जोडाच्या जागी आधी पाहिलं तर तो आखूड बाजूला येत होता. लगेच २ आणि ६ वर हलवले. मीटरवर १२९.६. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला पुढे बोलावलं आणि हातात स्क्रूड्रायव्हर दिला. म्हटलं, जोडाचा स्क्रू सैल कर, म्हणजे लांबचा रस्ता बंद होईल. आकड्याचं काय होईल ते आधी सांग.

"काहीच नाही होणार, सर. लांबून करंट जातच नसेल तर बंद केला काय अन् चालू काय."

तिने स्क्रू सैल केला आणि एक टोक बाहेर ओढलं. मीटरवर १७२.८. ती मीटरकडे बघत राहिली. टोक पुन्हा आत घालून आवळलं, १२९.६. पुन्हा काढलं, १७२.८. असं तिने चार वेळा केलं, मी मधे काही बोललो नाही.

मग वर्गातला एक मुलगा वहीतून वर बघत म्हणाला, "सर, १७२.८ तर समोरासमोरचा आकडा आहे. तुम्ही फळ्यावर आठव्या टप्प्यासमोर हाच लिहिलाय. फास हललाय का?" फास हलला नव्हता. लांबचा रस्ता तुटल्यावर उरतो कड्याचा एकटा चतुर्थांश, R/4. आणि समोरासमोरच्या बिंदूंमध्ये असतात दोन अर्धे समांतर, तेही R/4. मी खडू त्याच मुलीच्या हातात दिला. तिने फळ्यावर गोलाई काढली, सोळा रस्ते काढले, बारा टप्प्यांच्या बाजूवर एका ठिकाणी फुली मारली आणि चार टप्प्यांचा रोध लिहिला : ४ × ०.५२ = २.०८.

पुढच्या सोमवारी ती जोड आखूड बाजूला ठेवून हेच करून बघणार आहे. स्क्रू अर्धवट सैल केला तर आकडा किती वाढेल, याचा अंदाज तिने वहीत आधीच लिहून ठेवला आहे.